साका धुवायचा कशाने: डिस्टिल्ड वॉटर की विरल सल्फ्युरिक?

सांगलीच्या बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला लेड सल्फेटचा पांढरा साका गाळून झाला की पोरांचा हात आपसूक डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीकडे जातो. पाणी शुद्ध आहे खरं, पण साका त्यातच जास्त विरघळतो.

२५° सेल्सिअसला Ksp सुमारे 1.8 × 10⁻⁸. नुसत्या पाण्यात शिसं आणि सल्फेट सारखेच सुटतात, म्हणून s² = Ksp आणि s = 1.3 × 10⁻⁴ मोलर. १०० मिली पाणी संपृक्त होऊन खाली गेलं, तर जवळपास ४ मिलिग्रॅम साका त्याच्याबरोबर जातो. साका ३०० मिलिग्रॅमचा असेल तर ही एक टक्क्याहून जास्त तूट.

आता 0.01 मोलर सल्फ्युरिक घ्या. सल्फेट आधीच हजर, त्यामुळे गुणाकार Ksp एवढाच राहायला शिसं कमी व्हावं लागतं. बहुतेक जण इथे s = Ksp / 0.01 करून मोकळे होतात. उत्तर येतं 1.8 × 10⁻⁶, पण ते सोडियम सल्फेटसाठी बरोबर. आम्लात निम्म्याहून जास्त सल्फेट HSO₄⁻ म्हणून अडकतं. मोकळं उरतं साधारण 0.0045 मोलर. म्हणून s = 4 × 10⁻⁶, आणि १०० मिलीत तूट फक्त 0.12 मिलिग्रॅम.

मग सोडियम सल्फेटच का नको? ते साक्यात अडकून राहतं नि वजन फुगवतं. सल्फ्युरिक तापवल्यावर उडून जातं. माझं मत सल्फ्युरिकलाच. फक्त ते फार तीव्र नको, कारण HSO₄⁻ वाढून विद्राव्यता पुन्हा चढते.