जेवून घरी पोचल्यावर मामींना फोन, मेसेज की ग्रुपवर फोटो?

राजेंद्र नगरला मामेसासूबाईंकडे जेवण आणि आपलं घर विजय नगरला, म्हणजे इंदूरच्या पार दुसऱ्या टोकाला. पायरीवरच्या गप्पा आटपून पोचेपर्यंत पावणेअकरा होतात. आभार त्याच रात्री मानायचे हे ठरलेलं असलं, तरी कसे मानायचे हे ठरवावं लागतं.

फोन सगळ्यात आपुलकीचा, पण त्या वेळी मामी ओटा पुसत असतात, हात ओले, उरलेली आमटी कुठल्या डब्यात मावेल या विचारात. शिवाय 'पोचलो' हे सांगायला आपण फोन करतोच. तो तेवढाच ठेवावा. त्यात आभार घुसवले की 'छान झालं हो सगळं', 'अगं कसलं काय' एवढ्यावर संपतं, खास काही सांगायचं राहून जातं.

फॅमिली ग्रुपवर ताटाचा फोटो टाकणं मला अजिबात पसंत नाही. ज्यांना बोलावलं नव्हतं त्या चुलत जावाही त्याच ग्रुपवर असतात, आणि सकाळी मामींनाच खुलासे देत बसावं लागतं.

राहिला मामींच्या नंबरवर वेगळा मेसेज. माझं मत यालाच. आवरून झालं की त्या निवांतपणे वाचतात, उत्तराची घाई नसते. वेळ मात्र महत्त्वाची: अंथरुणाला पाठ टेकताना 'सगळ्यांना आवडलं ना?' हा प्रश्न त्यांच्या मनात येतोच, त्याआधी मेसेज पोचावा. सकाळपर्यंत आपल्यालाही बारकावे आठवत नाहीत, मग 'मस्त बेत होता' एवढंच उरतं.

आता त्यात लिहायचं काय? समजा भुट्ट्याचा कीस होता. 'कीस अप्रतिम' हे कोणीही लिहील, न जेवलेलासुद्धा. त्यापेक्षा हे बघा:

'मामी, बाबांसाठी बिनमिरचीचा कीस तुम्ही वेगळ्या कढईत केला होता, मी पाणी घ्यायला आत आले तेव्हा पाहिलं. बाबा गाडीत म्हणाले, आज भीतभीत खावं लागलं नाही.'

किसात मिरची फोडणीतच पडते, मागाहून काढता येत नाही. म्हणजे मामींनी दुसऱ्यांदा मका परतला, दूध आटेपर्यंत पुन्हा ढवळत उभ्या राहिल्या, आणि पानावर वाढताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अशी, त्यांनी स्वतः न सांगितलेली एक गोष्ट पुरे. चार पदार्थांची यादी केली की ती त्यात बुडते. आणि कीस सुनेने केला असेल तर आधी विचारून घ्या, नाहीतर श्रेय भलतीकडे जातं आणि ते निस्तरायला पुन्हा फोन.

मामींना चष्म्याशिवाय वाचता येत नसेल तर हेच बोलून पाठवावं. फक्त तो आवाज स्पीकरवर, मामांसमोर वाजणार आहे हे धरून बोला. बाबांच्या पथ्याची चर्चा मग त्यात नको.