प्लॅनरच्या फाइली थेट द्यायच्या की क्लाउडची लिंक? कॅप्शन लिहायच्या आधी हे ठरवा

छापून वापरायचा प्लॅनर तयार झाला, नमुन्याची चित्रं झाली, आता विक्रीच्या पानावर कॅप्शन तेवढं लिहायचं राहिलंय. अशा वेळी बहुतेकजण शब्दांवर अडतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी: पैसे भरल्यावर ग्राहकाच्या हातात नेमकं काय पडणार? कॅप्शनमधली निम्मी वाक्यं त्यावरून ठरतात.

मार्ग मुख्यतः दोन. पहिल्यात प्लॅनरच्या पीडीएफ फाइली विक्रीच्या साइटवरच चढवायच्या आणि ग्राहकाने तिथूनच उतरवून घ्यायच्या. दुसऱ्यात साइटवर फक्त एक पानी पीडीएफ चढवायची. तिच्यात एक बटण असतं, ते दाबलं की गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणचं फोल्डर उघडतं आणि खरा माल तिथे असतो. मी दोन्ही तऱ्हांनी विकलंय. आता बहुतेक प्लॅनर पहिल्या पद्धतीने देतो, पण दुसरीला मी वाईट म्हणणार नाही. तिची गरज कुठे पडते तेही पुढे सांगतो.

दुसऱ्या पद्धतीकडे माणूस वळतो तो बहुधा मर्यादेमुळे. एट्सी या विक्रीच्या साइटवर एका वस्तूला पाचच फाइली जोडता येतात आणि प्रत्येक फाइल जास्तीत जास्त २० एमबीची. हिशोब करू लागलं की हे अपुरं वाटतं. तारीख न घातलेला प्लॅनर घेऊ. पाने तीन मापांत द्यायची: ए४, ए५ आणि लेटर. आठवडा काहींना सोमवारी सुरू झालेला हवा असतो, काहींना रविवारी. तीन गुणिले दोन, म्हणजे सहा फाइली. पाचाची मर्यादा इथेच ओलांडली, आणि छपाईच्या सूचना अजून बाकीच आहेत.

पण सहा फाइली खरोखर लागतात का, हे एकदा तपासावं. सोमवार-रविवारचा फरक फक्त महिन्याच्या आणि आठवड्याच्या पानांवर पडतो. समजा, प्लॅनरमध्ये २० वेगवेगळी पानं आहेत आणि त्यांतली अशी चार आहेत. मग त्या चार पानांचे दोन्ही प्रकार एकाच पीडीएफमध्ये ठेवले की फाइल २४ पानांची होते. ग्राहक आपल्याला हवी ती पानं निवडून छापतो. अशा तीन मापांच्या तीन फाइली आणि चौथी सूचनांची. पाचवी जागा मोकळीच राहते.

ए५ची फाइल गाळून तिची जागा वाचवावी, असाही विचार येतो. ए४ लहान करून ए५वर छापता येतं, प्रमाण तेच असल्याने पान बसतंही नेमकं. पण सगळं ७१ टक्क्यांवर येतं. म्हणजे लिहायच्या ओळींमध्ये ७ मिलिमीटर अंतर असेल, तर ते ५ मिलिमीटर होतं. नेहमीच्या अक्षराला ते अडचणीचं जातं. म्हणून ए५ची मांडणी वेगळी करावी, कमी ओळींची. लेटरची गोष्ट निराळी. त्या कागदाचं प्रमाणच वेगळं असल्याने ए४चं पान त्यावर पूर्ण बसवायला गेलं की दोन्ही बाजूंना जवळपास ९ मिलिमीटरची जादा पट्टी कोरी राहते. काम चालतं, पण पंच मारून फाइलला लावणाऱ्याला ते खटकतं.

आकाराची मर्यादाही वाटते तितकी आडवी येत नाही. रेघा, चौकटी आणि अक्षरं रेखारूपातच निर्यात झाली, तर अशी २४ पानं काही एमबीतच मावतात. फाइल फुगते ती प्रत्येक पानामागे जलरंगाचं चित्र टाकल्यावर. छपाईलाही ते चित्र नकोसंच असतं, शाई खातं.

आता दोन्ही पद्धतींची कॅप्शन शेजारी शेजारी ठेवून वाचा. थेट फाइली देताना मी असं लिहितो:

> हा छापून वापरायचा प्लॅनर आहे. टपालाने काहीही येणार नाही. पैसे जमा झाले की तुमच्या खरेदीच्या पानावर डाउनलोडचं बटण दिसेल. तिथे चार पीडीएफ मिळतील: ए४, ए५, लेटर आणि छपाईच्या सूचना. प्लॅनरच्या प्रत्येक फाइलमध्ये तीच २० वेगवेगळी पानं त्या-त्या मापात आहेत. त्यात आठवडा आणि महिना सोमवारपासून आणि रविवारपासून असे दोन्ही प्रकारे दिले आहेत. पानांवर तारखा नाहीत, हव्या तितक्या वेळा छापा.

क्लाउडची लिंक देताना तेच असं होतं:

> हा छापून वापरायचा प्लॅनर आहे. टपालाने काहीही येणार नाही. पैसे जमा झाले की एक पानाची पीडीएफ डाउनलोड करा. तो प्लॅनर नाही, त्यात फक्त लिंक आहे. त्या पानावरचं बटण दाबल्यावर फोल्डर उघडेल. त्यात प्रत्येकी २० पानांच्या सहा फाइली आहेत: तीन मापं, प्रत्येकात आठवडा सोमवारपासून आणि रविवारपासून. हव्या त्या स्वतःच्या फोनवर किंवा संगणकावर उतरवून घ्या.

दुसरं कॅप्शन लांबीला फार जास्त नाही. पण त्यात एक वाक्य असं आहे, जे ग्राहकाने वाचलंच पाहिजे: ‘तो प्लॅनर नाही, त्यात फक्त लिंक आहे.’ माझ्यासाठी निर्णय लागला तो या वाक्यामुळे.

कारण ते वाचलं जात नाही. ग्राहक चित्रं पाहतो, पानांचा आकडा पाहतो आणि विकत घेतो. मग फाइल उघडतो आणि समोर एकच पान. कॅप्शनमध्ये २० पानांचा शब्द दिला होता. मग निरोप येतो, ‘मला एकच पान मिळालं, बाकीची कुठे आहेत?’ काहीजण निरोप पाठवायच्या आधीच कमी तारे देऊन मोकळे होतात, आणि त्यांचा राग मला समजतो. मी ते वाक्य वर नेलं, ठळक केलं, चित्रांमध्येही टाकलं. निरोप कमी झाले, थांबले नाहीत. त्यात बरेचजण फोनवर पीडीएफ उघडतात, तेही एखाद्या ॲपच्या आतल्या झलकेत. काही झलकांमध्ये पान दिसतं, पण बटण दाबलं जात नाही. त्या माणसाला तर आपल्याला मिळालेली वस्तू अर्धवट आहे असंच वाटणार. म्हणून लिंक द्यायचीच असेल, तर बटणाखाली तिचा पत्ताही छोटा करून अक्षरांत छापावा, म्हणजे हाताने टाइप करता येतो.

थेट फाइलींच्या बाबतीत हा प्रकार उद्भवतच नाही. कॅप्शन म्हणतं चार फाइली, खरेदीच्या पानावर चारच नावं दिसतात. फाइलींची नावंही कॅप्शनशी जुळतील अशीच द्यावीत. कॅप्शनमध्ये ‘ए४’ आणि फाइलचं नाव ‘शेवटची-नवी-२’ असं असलं की तोच गोंधळ मागच्या दाराने आत येतो.

पानांच्या आकड्याबद्दल इथेच सांगतो, कारण दोन्ही पद्धतींत तो मोह होतो. २४ पानं तीन मापांत म्हणजे ७२, आणि ‘७२ पानांचा प्लॅनर’ भरगच्च वाटतो. पण ग्राहक एकच माप छापतो, त्याच्या हातात २४च पानं येतात. आपल्या उदाहरणात तर वेगळ्या रचनेची पानं २०च आहेत. मी आता सरळ ‘२० वेगवेगळी पानं’ असं लिहितो आणि पुढे जोडतो, की तारखा नसल्याने आठवड्याची समोरासमोरची दोन पानं वर्षभर वापरायची तर ५२ वेळा छापावी लागतील. कागदाचा अंदाज आधीच आलेला बरा.

क्लाउडच्या बाजूने बोलायचं तर तिचे फायदे खोटे नाहीत. मोठा संच विकत असाल, म्हणजे प्लॅनर, स्टिकरची पानं, मुखपृष्ठांचे दहा रंग, तर पाच फाइलींत ते बसवणं हा अट्टहास ठरेल. चूक दुरुस्त करणंही सोपं. ड्राइव्हवर त्याच फाइलची नवी आवृत्ती चढवली की लिंक तीच राहते आणि जुन्या ग्राहकालाही सुधारलेलं पान मिळतं. दर वर्षी नव्या तारखा घालणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. बदल्यात ते फोल्डर कायम सांभाळावं लागतं. ते हलवलं किंवा पुसलं की जुन्या ग्राहकाची लिंक बंद पडते. परवानगी `Anyone with the link` आणि `Viewer` अशीच हवी, नाहीतर ग्राहकासमोर परवानगी मागायचं पान येतं आणि तो अडकून बसतो. नवी लिंक विक्रीला लावण्याआधी खात्यातून बाहेर पडून, खासगी खिडकीत ती एकदा उघडून पाहावी. आपल्या खात्यातून ती नेहमीच उघडते, त्यामुळे तशा तपासणीला अर्थ नाही.

दोन्हींच्या मधला झिपचा मार्गही आहे: सगळ्या फाइली एका झिपमध्ये. संगणकावर तो ठीक आहे. फोनवर झिप सोडवण्याची सवय सगळ्यांना नसते, म्हणून छोट्या प्लॅनरसाठी मी तो वापरत नाही.

कॅप्शन इन्स्टाग्रामवर टाकायचं असेल तर आणखी थोडा विचार करावा. तिथे २,२०० अक्षरांची मुभा आहे, पण ‘आणखी’ न दाबता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. कॅप्शनमधली लिंकही दाबता येत नाही. त्यामुळे पहिल्याच ओळीत ‘छापून वापरायचा प्लॅनर, टपालाने काही येणार नाही’ हे यायला हवं. ‘डिजिटल प्लॅनर’ एवढंच लिहिलं की टॅबलेटवर लिहिणारे आत दाबता येणाऱ्या खुणा शोधतात आणि कागदावर लिहिणारे पार्सलची वाट पाहतात. डाउनलोडच्या पायऱ्या तिथे लिहू नयेत, त्या विक्रीच्या पानावरच शोभतात.

छपाईची एक ओळ मात्र मी दोन्हीकडे ठेवतो: छापताना `Actual size` किंवा १०० टक्के निवडा. बऱ्याच प्रिंटरांवर पान बसवून छापण्याचा पर्याय आधीपासून लावलेला असतो, त्यामुळे पान थोडं आक्रसतं आणि पंचसाठी सोडलेली जागा चुकते. हे ओळखायला सूचनांच्या फाइलमध्ये मी ५० मिलिमीटरची एक रेघ देतो. छापलेल्या कागदावर पट्टी लावून ती मोजायची. रेघ आखूड भरली, तर दोष फाइलीत नाही, प्रिंटरच्या मापात आहे, हे ग्राहकाला लगेच कळतं. छोट्या प्लॅनरला चौथी जागा मी आनंदाने याच फाइलला देतो. क्लाउडचं फोल्डर देणार असाल, तर ही फाइल आतल्या एखाद्या उपफोल्डरमध्ये टाकू नका. नावाआधी ०१ घालून ती सगळ्यात वर राहील असं करा.