मूळव्याधीचं रक्त थांबवायला: बँड, ऑपरेशन की रक्तवाहिनी बंद करणं?

देवगडचे एक आंबा बागायतदार आहेत असं धरू. वय ६६. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, हृदयात स्टेंट आहे आणि ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज चालू आहेत. संडासला बसलं की लालभडक रक्ताची धार लागते. मोड जोर दिल्यावर बाहेर येतात आणि आपोआप आत जातात. हिमोग्लोबिन ७.८ वर आलंय. या वयात रक्त मूळव्याधीचंच आहे असं गृहीत धरून चालत नाही. कोलोनोस्कोपी आधी व्हायलाच हवी, आणि यांची झाली आहे. आतड्यात गाठ नाही.

एरवी अशा मोडांना रबर बँड लावणं हाच पहिला उपाय. ओपीडीत काही मिनिटांत होतो, स्वस्त आहे, भूल लागत नाही. अडचण पुढे येते. बँड लावलेला मोड सुकून पाच-दहा दिवसांत गळतो, तिथे लहानशी जखम उरते, आणि दोन गोळ्यांवर असलेल्या माणसाला त्या जखमेतून मोठा रक्तस्राव होऊ शकतो. तो रात्री दोन वाजता गावात झाला तर? मोड कापून काढण्याच्या ऑपरेशनमध्ये जखम त्याहून मोठी आणि क्लोपिडोग्रेल बहुधा थांबवावी लागते. नवा स्टेंट असताना ती थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येण्याची भीती असते. त्यामुळे कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय ती गोळी कुणीही बंद करू नये.

अशा माणसासाठी एम्बोलायझेशन, म्हणजे मोडांना रक्त देणारी धमनी आतून बंद करणं, गांभीर्याने विचारात घ्यावं असं मला वाटतं. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या डॉक्टरांनी याचे सुरुवातीचे अनुभव प्रसिद्ध केले. गुदद्वाराला हातच लावत नाहीत. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी घालतात, जागा फक्त बधिर करतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत ती नळी महाधमनीतून डाव्या आतड्याला रक्त देणाऱ्या धमनीत आणि तिथून गुदाशयाच्या वरच्या धमनीत नेतात. मोडांना रक्ताचा मोठा पुरवठा या धमनीच्या शेवटच्या फांद्यांतून होतो. प्रत्येक फांदीत दोन-तीन मिलिमीटरच्या धातूच्या गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, सोडून ती बंद करतात. काही ठिकाणी बारीक कणही सोडतात. मोडातला रक्ताचा दाब उतरतो आणि धार हळूहळू थांबते. गोळ्या बहुतेक वेळा चालू ठेवता येतात.

मग गुदाशय सडत कसा नाही? कारण त्याला मधल्या आणि खालच्या धमन्यांतूनही रक्त येतं आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. कुळागरात एक पाट अडवला तरी दुसऱ्या पाटाचं पाणी झाडापर्यंत पोचतं, तसंच हे. पण त्याच वाटेने मोडांनाही रक्त पोचतं. काही जणांत मधली धमनी मोठी असते. वरच्या फांद्या नीट बंद करूनही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत रक्त पुन्हा दिसलं, तर बरेचदा कारण तिथे सापडतं आणि प्रक्रिया पुन्हा करावी लागते. हा उपाय सरसकट न देण्याचं सर्वांत मोठं कारण मला हेच वाटतं. कण जास्त खोल जातात, म्हणून त्यांनी रक्त चांगलं थांबलं तरी गुदाशयाच्या अस्तरावर छोटे व्रण पडू शकतात. बँड आणि ऑपरेशनइतका दीर्घकाळचा अनुभवही अजून गाठीशी नाही.

आता त्याच घरातला ४५ वर्षांचा धाकटा भाऊ घ्या. त्याला रक्त क्वचित पडतं, पण मोड बाहेर येतात आणि हाताने आत ढकलावे लागतात. त्याला एम्बोलायझेशन सुचवणं चूक ठरेल. रक्त कमी केलं तरी सैल पडून घसरलेलं अस्तर वर जात नाही. त्याच्यासाठी बँड, नाहीतर ऑपरेशन. कायम बाहेर राहिलेले मोड आणि गुठळी होऊन सुजलेला बाहेरचा मोड यांनाही हा उपाय नाही. आतड्याच्या जुन्या ऑपरेशनमध्ये रक्तपुरवठा बदललेला असेल तर जोडरस्ते कमी असू शकतात आणि गुदाशयाला धोका होतो. मूत्रपिंड अशक्त असेल तर पडद्यावर धमनी दिसावी म्हणून देतात त्या औषधाचाही विचार करावा लागतो.

यासाठी कॅथलॅब आणि धमन्यांच्या कामात मुरलेला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट लागतो, म्हणजे देवगडहून बहुधा मुंबई, कोल्हापूर किंवा गोवा. खर्च बँडच्या कितीतरी पट. जाण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात: मूळव्याधीसाठी हे काम तिथे नेहमी होतं का, आणि मधली धमनीही तपासतात का. नंतर दोन-चार दिवस संडासला लागल्यासारखं वाटणं, थोडं दुखणं किंवा कणकण चालते. दुखणं दिवसेंदिवस वाढलं, ताप चढला किंवा नळी घातलेल्या जागी सूज फुगत गेली तर त्याच दिवशी जवळच्या सर्जनला दाखवावं.