पेज ऑफ स्वोर्ड्स की नाइट ऑफ वाँड्स?

मैत्रिणीने एका मुलाबद्दल टॅरोचे पत्ते काढले आणि विचारलं, "रात्री दोनपर्यंत चॅट, मग तीन दिवस गायब. हे दोन्ही पत्ते आलेत, त्याचा कुठला मानू?"

१९०९ च्या रायडर-वेट टॅरो डेकमधली चित्रंच बघा. पेज दोन्ही हातांत तलवार धरून उभा आहे, पण मान वळवून भलतीकडेच बघतोय. वाऱ्याने केस उडतायत. नाइटचा घोडा पुढचे पाय उचलून उधळलाय, अंगरख्यावर सॅलमँडर.

वेग दोघांनाही आहे. पेजचा वेग शब्दांत असतो: प्रश्नांवर प्रश्न, स्टोरी लगेच बघणं, स्वतःबद्दल मात्र मोघम. नाइट म्हणतो, "आत्ता निघतो, भेटूया?" आणि बरेचदा खरंच येतो. नंतरची शांतताही वेगळी. पेज बोलत नसला तरी तुमच्यावर नजर ठेवून असतो. नाइटचं लक्ष खरोखरच दुसरीकडे गेलेलं असतं.

मैत्रिणीचा तो रोज स्टोरी बघायचा, भेटीचा विषय मात्र टाळायचा. मी पेज धरला. पत्ता उलटा आला असता तर खोदून विचारण्यामागे चहाडीचा वास आहे का, हेही पाहिलं असतं.

गप्पांचीच मजा हवी असेल तर पेज चालेल. एखादी धमाल भेट हवी असेल तर नाइट. रोजची सोबत हवी असेल, तर माझ्या मते दोघंही नकोत.