साधं शटरिंग ऑइल की पाण्यात मिसळायचं? नागपुरातल्या एका स्लॅबचा हिशेब

सेंट्रिंगचं सामान लागलं की सेंट्रिंगवाला विचारतो, "ऑइल कोणतं आणू?" बहुतेक मालक म्हणतात, "नेहमीचं आण." हा लेख त्या "नेहमीचं"वर अडलेल्यांसाठी आहे. काँक्रीट साच्याच्या प्लेटांना चिकटू नये म्हणून हे ऑइल मारतात. एका बाजूला डब्यातून काढून थेट प्लेटांना मारायचं साधं ऑइल, दुसऱ्या बाजूला पाण्यात मिसळून पांढरं दूध करून मारायचं ऑइल. मी दोन्ही वापरलेली आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण तुमची साईट वेगळी असू शकते. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल मात्र या तुलनेत धरतच नाही. ते छताला काळे डाग देतं, विषय संपला.

निवड करण्याआधी किती लागणार ते काढू, कारण दोघांमधला खरा फरक याच हिशेबात दिसतो. ऑइल लागतं ते काँक्रीटला टेकणाऱ्या फॉर्मच्या, म्हणजे साच्याच्या, क्षेत्रफळाला, घराच्या क्षेत्रफळाला नाही. बेसा रोडकडे बांधतात तसं एक साधं घर घ्या. स्लॅब बाहेरून बाहेर 12 मीटर बाय 9 मीटर, जाडी 125 मि.मी. बीम 230 बाय 450. लांबीला बीमच्या तीन ओळी, रुंदीला चार, आणि प्रत्येक छेदावर 230 बाय 450 चा कॉलम, म्हणजे बारा कॉलम. मजल्याची उंची 3 मीटर.

खालून पाहिलं तर स्लॅबचा तळ आणि बीमचे तळ मिळून घराच्या नकाशाएवढंच क्षेत्रफळ भरतं. त्यामुळे दोन्ही वेगळे मोजत बसायची गरज नाही. 108 चौ.मी. मधून कॉलमची जागा वजा केली की सुमारे 107 उरतात. मग बीमच्या बाजू. सगळ्या ओळी मिळून 72 मीटर, त्यातून कॉलमच्या रुंद्या वजा जाता 64 मीटर. स्लॅबच्या खाली बीम उतरतो 325 मि.मी., आणि बाजू दोन, म्हणून 41.6 चौ.मी. बाहेरच्या कडेला स्लॅबच्या जाडीलाही पट्टी लागते. 42 मीटर घेर गुणिले 0.125 म्हणजे आणखी सव्वापाच. स्लॅब टाकण्याच्या दिवसाचं एकूण क्षेत्रफळ झालं 154 चौ.मी.

कॉलम त्याआधीच भरलेले असतात. एका कॉलमचा घेर 1.36 मीटर, बीमच्या तळापर्यंतची उंची 2.55 मीटर, नग बारा. इथेही 41.6 चौ.मी. च येतात, बीमच्या बाजूंच्या आकड्याशी हा निव्वळ योगायोगाने जुळला आहे. सगळं मिळून 195. कोणी नुसत्या 108 वर ऑइल मागवलं तर जवळजवळ निम्मं कमी पडतं, आणि मग शेवटच्या बीमच्या बाजूंना ओलसर फडकं फिरवून भागवलं जातं. चिकटतात त्याच बाजू.

आणखी एक गोष्ट. कॉलमचे साचे तुमच्याकडे चारच असले आणि तेच तीनदा फिरवले तरी क्षेत्रफळ कमी होत नाही. साच्याचं भाडं सेटवर लागतं, ऑइल प्रत्येक भरणीला लागतं.

आता लिटरमागे कव्हरेज. डब्यावर चाळीस-पन्नास चौ.मी. असा आकडा दिसला तरी तो गुळगुळीत, स्वच्छ पृष्ठभागावर स्प्रेने मारल्याचा समजावा. आपल्याकडे पोचारा असतो, प्लेटांना जुनं काँक्रीट चिकटलेलं असतं. मी 25 धरतो. स्वतः पाहायचं असेल तर एक लिटर मोजून द्या आणि 3 बाय 2 फुटांच्या किती प्लेटा झाल्या ते मोजा. पंचेचाळीस प्लेटा झाल्या तर 270 चौरस फूट, म्हणजे 25 चौ.मी. तीसच झाल्या तर पोरगा ऑइल ओततो आहे, लावत नाही. कच्च्या लाकडी फळ्यांवर मात्र लाकूडच ऑइल पितं, तिथे हा आकडा निम्म्यावर येतो.

195 भागिले 25 म्हणजे 7.8 लिटर. सांडलवंड धरून साडेआठ. साधं ऑइल असेल तर साडेआठ लिटर ऑइल. पाण्यात मिसळायचं असेल आणि डब्यावर एकास सात असं प्रमाण असेल, तर साडेआठ लिटर दूध, ज्यात ऑइल एक लिटरच्या किंचित वर. इथेच खरेदीत गफलत होते. एका डब्यावर "लिटरमागे 200 चौ.मी." लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर "25". पहिला आकडा मूळ ऑइलचा असतो, दुसरा मिसळून झालेल्या दुधाचा. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, कारण एकाचे आठ लिटर होतात. दुकानदाराला एवढंच विचारा, "हे कव्हरेज पाणी घालण्याआधीचं की नंतरचं?" भाव लिटरला नाही, चौ.मी. ला काढून बघा. माझ्या अनुभवात पाणीवालं स्वस्त पडतं, पण या घराच्या एका स्लॅबला तो फरक फार मोठा नसतो. नुसत्या पैशासाठी मी बदललं नसतं.

बदललं ते छताच्या डागांमुळे.

साधं ऑइल प्लेटेवर सपाट राहत नाही. ते उताराकडे सरकतं आणि दोन प्लेटांच्या सांध्यात, बीमच्या कोपऱ्यात साठतं. स्लॅब खोलल्यावर छतावर 3 बाय 2 च्या चौकटी पिवळसर रेषांनी आखलेल्या दिसतात. तेव्हा कोणी लक्ष देत नाही. प्लास्टरवाला येतो, पकडीसाठी काँक्रीटवर टाचे मारतो, प्लास्टर चढवतो, आणि वाळल्यावर त्याच रेषांवर थापीच्या दांड्याने ठोकलं की बद्द आवाज येतो. काही ठिकाणी पापुद्रा सुटून पडतो. सेंट्रिंगवाला म्हणतो प्लास्टर नीट मारलं नाही, प्लास्टरवाला म्हणतो स्लॅब तेलकट आहे, आणि घरमालक आपल्याकडे बघतो. मला या भांडणाचा मनापासून वैताग आहे, कारण तोवर सेंट्रिंगवाल्याचं बिल निघून गेलेलं असतं.

ओळखायची सोपी रीत आहे. प्लास्टरच्या आधी छतावर हाताने पाणी शिंपडा. चांगल्या जागी पाणी शोषलं जाऊन काँक्रीट काळपट ओलं होतं. तेलकट जागी थेंब मण्यासारखे लोंबत राहतात. तिथे तारेचा ब्रश, कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी, स्वच्छ धुलाई आणि दाट टाचे, एवढं केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाणीवाल्या ऑइलमध्ये हे कमी का होतं, तेही त्याच हिशेबातून कळतं. एक लिटर 25 चौ.मी. वर पसरलं की थर होतो 40 मायक्रॉन. साध्या ऑइलचे ते चाळीसच्या चाळीस तेलाचे असतात. एकास सातच्या दुधातलं पाणी उडून गेलं की मागे तेल उरतं फक्त 5 मायक्रॉन. साठायला फारसं काही राहतच नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकात, IS 456:2000 मध्येही हेच सांगितलं आहे की थर पातळ आणि एकसारखा हवा आणि सळईला लागू नये. हाताने पोचारा मारताना साध्या ऑइलचा असा थर मिळवणं मला तरी कठीण गेलं आहे.

पण पाणीवाल्याचे नखरे आहेत, ते लपवत नाही. पहिला पाण्याचा. बोअरचं पाणी जड असेल, बादलीला पांढरा थर धरत असेल, तर दूध फुटतं. काचेच्या बाटलीत थोडं मिसळून तासभर ठेवा. वर तेलाचे डोळे दिसले तर ते पाणी वापरू नका, नळाचं आणा. मिसळताना पाण्यात ऑइल हळूहळू ओतत ढवळायचं. ऑइलमध्ये पाणी ओतलं तर गोळे होतात. स्लॅबच्या दिवसाला लागणारं दूध सुमारे सात लिटर, म्हणजे 900 मि.ली. ऑइल आणि सहा लिटरच्या वर पाणी. तेवढंच त्या दिवशी करावं, उरलेलं शिळं दूध दुसऱ्या दिवशी भरवशाचं नसतं.

दुसरा नखरा उन्हाचा. मे महिन्यात दुपारी लोखंडी प्लेट हात टेकवू देत नाही. त्यावर दूध मारलं तर पसरण्याआधीच पाणी उडतं आणि ठिपके राहतात. सकाळी लवकर मारून, वाळल्यावर मगच सळई अंथरायची. आणि तिसरा पावसाचा. न वाळलेलं दूध एका सरीत धुऊन जातं. सळई बांधून झाल्यावर असं झालं तर परत मारणं शक्य नसतं, कारण सगळं सळईवर उडतं. पावसाळ्यात किंवा सळईचं काम बरेच दिवस चालणार असेल तेव्हा साधं ऑइल जास्त टिकतं, हे मान्य करावं लागेल. कच्च्या फळ्यांनाही मी साधंच मारतो. प्लेटा रचून ठेवताना गंज लागू नये म्हणूनही तेच, पण पुढच्या वेळी पुसून घेतो.

जाता जाता काँक्रीटमधलं पाणी उडू नये म्हणून वरून मारतात त्या क्युअरिंग कंपाउंडबद्दल, कारण लोक तेच क्षेत्रफळ तिथेही वापरतात. कॉलमच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण साचा काढला की तेवढेच चेहरे उघडे पडतात. पण कव्हरेज इथे लिटरला साधारण चार-पाच चौ.मी. असतं. म्हणजे ज्या 41.6 चौ.मी. ला ऑइल पावणेदोन लिटर पुरलं, त्यालाच कंपाउंड आठ-दहा लिटर लागेल. स्लॅबचा वरचा चेहरा फॉर्मच्या हिशेबात नसतोच, तो वेगळा धरावा. आणि कॉलमवर प्लास्टर होणार असेल तर मेणाचं कंपाउंड पुन्हा तोच पकड न धरण्याचा त्रास देतं. तिथे मी गोणपाट गुंडाळून पाणीच मारतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात IS 456 प्रमाणे किमान दहा दिवस.

छताला प्लास्टर किंवा पीओपी होणार असेल, प्लेटा लोखंडी असतील आणि हंगाम ऑक्टोबर ते मे चा असेल, तर मी पाणीवालंच सुचवेन. छत उघडंच ठेवणार असाल, खाली गोडाऊनसारखं काही असेल, तर साध्या ऑइलनेही अडत नाही. पहिल्यांदा घेताना पाच लिटरचा छोटा कॅन घ्या. एवढ्या घराच्या तीन-चार स्लॅबना तो पुरतो, आणि सोबत एक लिटरचं माप घ्यायला विसरू नका. सेंट्रिंगवाला अंदाजाने मिसळतो तेव्हा एकास सातचं एकास पंधरा व्हायला वेळ लागत नाही.