मॅट पेपरच्या नावाखाली मॅट लॅमिनेशन गळ्यात मारलं: माझे 26,250 रुपये कसे गेले

गेले तीन आठवडे हे लिहू की नको, असं चाललं होतं. अठरा वर्षं पोर्ट्रेट करणारा माणूस कागदात फसतो, हे सांगायला लाज वाटते. पण परवा एका ओळखीच्या मुलीने, ज्याने मला फसवलं त्याच प्रिंटवाल्याच्या गाळ्यात ऑर्डर दिल्याचं कळलं, तेव्हा ठरवलं की लिहायचंच.

गिरगावातल्या एका कुटुंबात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आजी-आजोबांची 9 पोर्ट्रेट, प्रत्येक 16×24 इंच, हॉलमध्ये लावायची आणि नंतर घरच्यांनी वाटून घ्यायची. माझी फी प्रिंटसकट 54,000 रुपये. फोटो घरातच काढले, खिडकीच्या उजेडात. आजोबा काळा बंद गळ्याचा कोट घालून, आजी बाटलीहिरव्या नऊवारीत.

कागद मॅट घ्यायचा हे मी विचार करून ठरवलं होतं. उगाच फॅशन म्हणून नाही. आजींच्या कपाळावर आणि गालावर बारीक सुरकुत्यांचं जाळं आहे. एका बाजूला औषधाच्या रिअ‍ॅक्शनचे डाग होते, ते घरच्यांच्या सांगण्यावरून मी काढले. असं रिटचिंग ग्लॉसीवर छापलं की उघडं पडतं. ग्लॉसीचा पृष्ठभाग काचेसारखा सपाट असतो, उजेड एकाच दिशेने परततो, त्यामुळे तुम्ही जरा बाजूला उभे राहिलात की काळं खोल दिसतं आणि त्वचेचं प्रत्येक छिद्र टोकदार दिसतं. डाग काढलेली जागा आजूबाजूच्या सुरकुत्यांपेक्षा जरा जरी गुळगुळीत राहिली असेल, तर ती ठिगळासारखी डोळ्यात येते. मॅट कागद उजेड सगळीकडे पसरवतो, त्यामुळे ती सीमा विरघळते आणि कपाळावरची चकाकी मऊ होते.

याची किंमत सावल्यांत मोजावी लागते. कॉटन मॅट कागदाचा डीमॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त काळेपणाचा आकडा, साधारण 1.6 ते 1.7 असतो, चांगल्या ग्लॉसीचा 2.2 किंवा त्याहून वर. फरक छोटा वाटतो, पण 1.6 आणि 2.2 यांत मॅटवरचं काळं जवळपास चौपट उजेड परत फेकतं. आजोबांच्या काळ्या कोटाच्या घड्या, बटणं, आजींच्या नऊवारीचा ओचा, हे सगळं त्याच गडद टोनांत असतं. जसं आहे तसं छापलं तर कोट म्हणजे एक काळा-करडा डाग होतो.

म्हणून मी फाइल त्या कागदासाठी बनवली. कागद बनवणाऱ्या कंपनीचं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, उतरवून घेतलं, सॉफ्ट प्रूफ लावलं, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवर पाहिलं, कागदाचा पांढरा दाखवायला सांगितला, आणि मग कोटातल्या सावल्या कर्व्हने वर उचलल्या. 0 ते 255 च्या मापात 18 च्या आसपास असलेले टोन 27 पर्यंत नेले. चेहऱ्याच्या मिडटोनमध्ये थोडा कॉन्ट्रास्ट दिला, कारण मॅटवर त्वचा चपटी पडते. शेवटी शार्पनिंगही नेहमीपेक्षा जास्त ठेवलं, कारण कॉटनच्या धाग्यात शाई जरा पसरते. या नऊ फाइलींवर माझ्या चार रात्री गेल्या. स्क्रीनवर प्रूफ बंद करून त्या बघितल्या तर फिक्या आणि खरबरीत वाटतात. त्या एकाच कागदावर नीट दिसणार होत्या.

माझा नेहमीचा प्रिंटर गावी गेला होता आणि हातात सहा दिवस होते, म्हणून मी अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात गेलो. नमुन्यांची पुस्तिका हातात दिली. तीत खरा कॉटन रॅग होता, 308 ग्रॅमचा, ब्राइटनर, म्हणजे कागद पांढराशुभ्र दाखवणारं रसायन, नसलेला, बोटाला सुती लागणारा. भाव 2,850 रुपये नग. नऊचे 25,650, पॅकिंगचे 600, एकूण 26,250. अर्धे, म्हणजे 13,125, आगाऊ यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "सर, बिल केलं तर टॅक्स वर पडेल, बघा." मी म्हटलं, राहू दे. ही माझी चूक, आणि ती पुढे फार महागात पडली.

आणि आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही.

मी विचारलं, "या प्रिंटला मॅट ब्लॅक टाकता ना?" पिगमेंट प्रिंटरमध्ये काळ्या शाया दोन असतात. फोटो ब्लॅक ग्लॉसी आणि जरा कमी चकाकणाऱ्या लस्टरसाठी, मॅट ब्लॅक न चकाकणाऱ्या कागदासाठी. मॅट कागदावर फोटो ब्लॅक टाकली तर काळं उठतच नाही. रोज कॉटनवर छापणारा माणूस या प्रश्नाचं उत्तर झोपेतही देईल. हा म्हणाला, "सर, काळी ती काळीच. तुम्ही काळजी नका करू. फाइल एसआरजीबी जेपेग द्या, प्रोफाइलची भानगड नको. आणि सनबोर्ड माउंटिंग आमच्याकडून फ्री."

तिथेच उठायला हवं होतं. एका दमात त्याने तीन वेळा सांगितलं होतं की तो कॉटनवर छापत नाही. पण मी थकलेलो होतो, हातात खरा नमुना होता, आणि फुकट माउंटिंगमुळे माझे फ्रेमवाल्याकडचे दोन हजार वाचत होते. कुणीही हेच केलं असतं, असं मी बायकोला दहा वेळा सांगितलं. तिला पटलं असेल, मला नाही पटलेलं.

फुकट माउंटिंग का देतात ते लिहून ठेवा. बोर्डाला चिकटवलं की कागदाची मागची बाजू दिसत नाही. कॉटनची पाठ सुती आणि कोरी असते. साध्या फोटो पेपरची पाठ प्लास्टिकची, गुळगुळीत. ही एकच गोष्ट सगळं उघड करते आणि तीच ते झाकतात.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी माल घेतला. बबल रॅपमध्ये, चारही कोपरे टेपने बंद. एक उघडून ट्यूबलाइटखाली पाहिला, चकाकत नव्हता, उरलेले पैसे दिले.

सकाळी हॉलमध्ये स्पॉटलाइट लागले आणि माझे हातपाय गार पडले. सगळ्या चित्रांवर राखेसारखा पडदा होता. आजी पुढे आल्या, चष्मा सरळ केला आणि म्हणाल्या, "अरे, ह्यांचा कोट असा विटल्यासारखा का दिसतोय? आणि माझ्या तोंडाला पावडर फासलीय का रे?" मी काहीतरी दिव्यांचं कारण सांगितलं. त्यांच्या मुलाने "काका, बघा ना काही करता येतं का" एवढंच म्हटलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

जवळून पाहिलं. कोटाच्या सर्वांत काळ्या भागात सुईच्या टोकाएवढे चंदेरी ठिपके होते. लॅमिनेशनच्या, म्हणजे प्रिंटवर चिकटवलेल्या पातळ प्लास्टिकच्या, फिल्मखाली हवा अडकली की गडद जागी असे ठिपके दिसतात. मॅट कागदावर ते येऊच शकत नाहीत. कोपऱ्यावर नख घातलं तर पारदर्शक, दुधी पापुद्रा उचलला गेला. खाली चमकणारा साधा लस्टर फोटो पेपर. तुकडा फाडला तर कागदावरचा प्लास्टिकचा थर रबरासारखा ताणला गेला. कॉटन फाटताना तंतू निघतात. संध्याकाळी आमच्या खालच्या मेडिकलवाल्याकडे नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली, फिल्म सोललेला तुकडा धरला. भक्क निळा पेटला. ब्राइटनर नसलेला कॉटन तिथे अंधुकच राहतो. माझ्याकडच्या जुन्या कॉटनच्या पट्टीशी शेजारी ठेवून पाहिलं, शंकेला जागा उरली नाही.

मॅट लॅमिनेशन आणि मॅट कागद एक नाही, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लस्टरवरचं काळं मुळात खोल असतं, म्हणून माझ्या उचललेल्या सावल्या तिथे नुसत्या फिक्या दिसल्या. त्यावर फिल्मने स्वतःचा धुरकट उजेड टाकला. चेहऱ्यात कॉटनसाठी वाढवलेलं शार्पनिंग शोषलंच गेलं नाही, म्हणून सुरकुत्या चरचरीत आणि काढलेल्या डागांची जागा लोण्यासारखी. दोन्ही कागदांचे तोटे एकाच प्रिंटमध्ये, आणि बघणाऱ्याला वाटणार की रिटचिंग करणाऱ्याला काम येत नाही.

गाळेवाला फोनवर म्हणाला, "तुम्ही मॅट मागितलं, मॅट दिलं." दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणं बंद.

पोलीस चौकीत दोन तास बसलो. प्रिंट दाखवला. हवालदार म्हणाले, "फोटो तर आलाय ना? चेहरा दिसतोय की." मग साहेबांनी दिवाणी मामला म्हणून हात झटकले. सायबर तक्रारीसाठी फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतः दुकानात जाऊन दिलेत, यात सायबर काय, असा प्रश्न. ग्राहक तक्रारीच्या एका हेल्पलाइनवर नोंद केली. बारा दिवसांनी संदेश आला की विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद नाही म्हणूनच तर मी तुमच्याकडे आलो! ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं की तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धसत्य आहे. 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. मी एकटा, बिननोकर काम करतो. पण हे मला खिडकीवरच्या माणसाने नाही, एका वकील मित्राने सांगितलं. वर त्याने विचारलं, बिल कुठाय? माझ्याकडे यूपीआयच्या दोन नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा त्याचा "कॉटन रॅग 9 नग" हा एक संदेश आहे. म्हणून भाव ठरला की कागदाचं नाव आणि ग्रॅम लेखी मागवाच, फोनवर बोलू नका.

नेहमीचा प्रिंटर परत आल्यावर नऊही पुन्हा छापून घेतले, माझ्या खर्चाने. 3,200 प्रमाणे 28,800. म्हणजे एकूण 55,050 गेले, फी होती 54,000. यावेळी आधी आजींच्या चेहऱ्याची आणि कोटाच्या बाहीची 8 इंचाची पट्टी काढायला लावली, प्रोफाइलवर, मॅट ब्लॅकने. पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली, कोटाची दुसऱ्या क्रमांकाची घडी दिसत नव्हती. 27 चे 30 केले, मग दिसली. प्रिंट सुटे घेतले, माउंट न केलेले, आणि कडा कापताना निघालेल्या पट्ट्याही मागून घेतल्या. त्या पट्ट्या फाडता येतात, दिव्याखाली धरता येतात, आणि पाठ तर दिसतेच.

नवे प्रिंट द्यायला गेलो तेव्हा आजींनी आजोबांच्या कोटाच्या बटणांवरून, कागदाला न लावता, बोट फिरवलं आणि पाच मोजली. जुने नऊ बोर्ड माझ्या माळ्यावर आहेत. पावसाने तीन बोर्डांची फिल्म कोपऱ्यांत सुटली आहे. आयोगात अर्ज सोमवारी देणार आहे, आणि त्यातला एक सुटलेला कोपरा सोबत जोडणार आहे.