चारही एक्के हाती आले, तर मून मारायचा का?

मेंढीकोटवर वाढलेल्या माणसाला हार्ट्स सुरुवातीला उलटाच वाटतो. इथे हात करायचे नसतात, टाळायचे असतात. बदामच्या तेरा पानांचा प्रत्येकी एक गुण आणि इस्पिकच्या राणीचे एकटीचे 13, असे डावात 26 गुण. ज्याचे गुण कमी तो पुढे. कुणीतरी 100 गाठले की खेळ संपतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा खेळ विंडोजमध्ये भेटला. 1992 च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्सपासून तो त्यात होता. कॉलेजच्या लॅबमध्ये राणी गळ्यात पडली की आम्ही माऊस आपटायचो.

या खेळाला एकच उलटी खिडकी आहे. सगळे 26 गुण एकट्यानेच घेतले, तर तुम्हाला शून्य आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी 26. हेच शूटिंग द मून, आमच्या भाषेत मून मारणे. एरवी डावात 26 गुण वाटले जातात, मून बसला की 78. म्हणून त्या एका डावाने फळा पुसल्यासारखा होतो. पण 25 घेतले आणि बदामची एक दुर्री दुसऱ्याकडे गेली, तर ते 25 तुमचेच.

प्रश्न असतो तो कोणत्या पानांवर याच्यामागे लागायचे. दर चौथ्या डावात पानांची अदलाबदल नसते, आलेल्या पानांवरच खेळायचे असते. अशा दोन वेगवेगळ्या डावांतली ही दोन माणसांची पाने बघा.

| | पहिली पाने | दुसरी पाने |
|---|---|---|
| बदाम | एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी | एक्का, राजा, अठ्ठी, छक्की, तिर्री |
| इस्पिक | एक्का, राजा, राणी, सत्ती | एक्का, पंजी, चव्वी, तिर्री |
| किलवर | एक्का, तिर्री | एक्का, राजा |
| चौकट | एक्का, राजा | एक्का, दुर्री |

दोन्हीकडे चारही एक्के आहेत. तरी पहिल्या पानांवर मी डोळे झाकून मून मारायला निघेन, दुसऱ्यांवर नाही.

सगळा फरक बदाममध्ये आहे. पहिल्या पानांत वरची पाचही बदामे आहेत, ती कुणीच मारू शकत नाही. दुसऱ्यांत एक्का-राजा उतरून झाले की अठ्ठी हातात उरते. बाहेर आठ बदामे आहेत आणि ती तिघांत वाटलेली आहेत, म्हणजे कुणाकडे तरी किमान तीन असणारच. राणी, गुलाम, दश्शी आणि नव्वी या चारही बाहेरच आहेत. तिसऱ्या फेरीला अठ्ठी टिकेल ही आशा भाबडी आहे. बरे, बदामचे हरणारे पान हळूच टाकूनही देता येत नाही, कारण ज्या हातात ते जाते त्या हातात निदान एक गुण गेलाच.

दुसऱ्या रंगातल्या हलक्या पानांचे तसे नसते. पहिल्या पानांत किलवरची तिर्री आणि इस्पिकची सत्ती अशी दोन पडकी पाने आहेत. खेळ किलवरच्या दुर्रीने सुरू होतो आणि पहिल्या हातात गुणाचे पान टाकायला बंदी असते. तिर्री तिथेच फुकट सुटते. मग कुणी चौकट उतरली तर एक्क्याने हात घ्यायचा आणि लगेच स्वतःच इस्पिकची सत्ती उतरायची. बाकीच्यांना वाटते की हा राणीला बाहेर काढतोय! राणी आपल्याकडेच असते, डावाच्या सुरुवातीला इस्पिक बहुधा सगळ्यांकडे असते, त्यामुळे त्या हातात सहसा गुण जात नाहीत. आता तुमच्याकडे एकही पडके पान नाही. पुढची उतारी कुठल्याही रंगाची होवो, हात तुमचा. मग चौकट, किलवर, इस्पिक संपवायचे. तोवर कुणीच बदाम टाकले नसले, म्हणजे बदाम फुटले नसले, तरी बिघडत नाही, कारण हातात फक्त बदाम उरले की ते उतरता येते.

हे कुठे फसते? समजा दुसऱ्याच हाताला कुणी पुन्हा किलवर उतरले. तुमचा एक्का गेला, किलवर संपले. आता सत्ती सोडली आणि तो हात घेणाऱ्याने तिसऱ्यांदा किलवर उतरले, तर तो हात तुम्हाला घेता येणार नाही आणि त्यावर कुणी बदाम फेकले की खेळ खलास. अशा वेळी सत्ती मागे ठेवून वरचे इस्पिक आधी उतरावे लागते. सत्ती शेवटी टिकेलच असे नाही.

आता गुणांचा हिशेब, कारण नुसती पाने चांगली आहेत का हा प्रश्न अर्धवट आहे. मून न मारता खेळलो असतो तर किती गुण पडले असते, हेही बघावे लागते. पहिली पाने सरळ खेळायला भयानक आहेत: राणी स्वतःकडे, वरचे सगळे बदाम स्वतःकडे. अंदाजे 15 गुण पडतील असे धरू. उरलेले 11 तिघांत गेले, म्हणजे इतरांच्या सरासरीपेक्षा तुम्ही सुमारे 11 ने मागे. दुसरी पाने मात्र सरळ खेळायला छान आहेत: किलवर सुरुवातीलाच खपते, इस्पिकच्या एक्क्याला तीन हलक्या पानांची सोबत आहे, बदामची तिर्री आणि छक्की खालून निसटतात. 5 गुण धरले तर तुम्ही इतरांपेक्षा 2 ने पुढे.

मून बसला तर दोघेही 26 ने पुढे. फसला आणि 21 गुण अंगावर आले, तर दोघेही सुमारे 19 ने मागे. म्हणजे पहिला खेळाडू 37 गुण कमवायला 8 पणाला लावतो. पाचात एकदा जमले तरी त्याचे नुकसान नाही. दुसरा 24 कमवायला 21 पणाला लावतो. त्याला जवळजवळ निम्म्या वेळा जमायला हवे, आणि त्या अठ्ठीच्या जिवावर ते जमत नाही. वाईट पाने आली की मून स्वस्त होतो, चांगली आली की महाग. नवशिके नेमके उलटे करतात.

प्रयत्न सोडायची वेळही ठरवून ठेवावी. गुणाचे पहिले पान दुसऱ्याकडे गेले, की त्याच क्षणी बाकीचे गुण टाळायला लागायचे. तेव्हा तुमच्याकडे तीन-चार बदाम असतील तर फारसे बिघडत नाही. राणी घेऊन झाल्यावर कळले, तर मात्र महागात पडते. समोरचा एखादा मोठे बदाम छातीशी धरून बाकी सगळे फेकतोय असे दिसले, तर त्याला वास लागला आहे असे समजा.

एक गोष्ट मात्र पाने उचलण्याआधी बघायची: फळा. समजा तुमचे 70, इतरांचे 40, 80 आणि 60. मून बसला तर त्यांचे 66, 106 आणि 86 होतात. कुणीतरी 100 ओलांडले, खेळ संपला, आणि 66 वाला जिंकला. तुम्ही स्वतःच्या मूनने हरलात. काही घरी अशा वेळी इतरांना 26 देण्याऐवजी स्वतःचे 26 वजा करायची मुभा असते. मग तुमचे 44 होतात आणि खेळ चालू राहतो. संगणकावरच्या विंडोजच्या खेळात ही निवड नव्हती, तिथे इतरांनाच 26 चढायचे. घरी खेळत असाल तर हा नियम पाने वाटण्याआधी बोलून घ्या, नंतर काढला की भांडण ठरलेले.